‘नारिकेलसमाकारा’ : एका सुभाषिताचे शब्द सुटे करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात नारळी पौर्णिमेच्या आधीचे पंधरा दिवस माझ्याकडे एकाच श्लोकाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. श्रावणी पौर्णिमेलाच संस्कृत दिन येतो. केंद्र सरकारने १९६९ मध्ये तसं ठरवलं, तेव्हापासून शाळांत त्या सुमारास पाठांतराच्या स्पर्धा असतात. समुद्राला नारळ वाहायचा दिवस आणि संस्कृतचा दिवस एकच, त्यामुळे नारळाचं सुभाषित निवडायचं हे आमच्या किनाऱ्यावर जणू ठरलेलंच. मुलं, त्यांचे आईबाबा, नव्याने संस्कृत शिकवायला लागलेल्या बाई आणि सर जे प्रश्न पाठवतात ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत.

१. पूर्ण श्लोक कसा आहे आणि त्याचा सरळ अर्थ काय?

नारिकेलसमाकारा दृश्यन्ते हि सुहृज्जनाः ।
अन्ये बदरिकाकारा बहिरेव मनोहराः ॥

सरळ अर्थ असा : मित्र असतात ते नारळासारखे दिसतात. दुसरे काही बोरासारखे असतात, ते बाहेरूनच छान.

शब्द मराठीच्या क्रमाने लावले की अन्वय मिळतो : सुहृज्जनाः हि नारिकेलसमाकाराः दृश्यन्ते । अन्ये बदरिकाकाराः, बहिः एव मनोहराः (दृश्यन्ते) । कंसातलं ‘दृश्यन्ते’ दुसऱ्या ओळीत नाही, ते पहिल्या ओळीतून आणून वाचायचं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. ‘बाहेरून कठीण, आतून मऊ’ असे शब्द या श्लोकात कुठेही नाहीत. ‘आत’ हा शब्दसुद्धा नाही. आपण सगळे तो अर्थ सांगतो आणि तो बरोबरही आहे, पण तो समासांच्या पोटात आहे.

२. हा श्लोक मुळात कुठला? कोण कोणाला म्हणतं?

हितोपदेशातल्या ‘मित्रलाभ’ या पहिल्या भागातला. लघुपतनक नावाचा कावळा हिरण्यक नावाच्या उंदराशी मैत्री करू पाहतो. उंदीर बिळाच्या आत आणि कावळा बाहेर. उंदीर म्हणतो, मी तुझं भक्ष्य, आपली मैत्री कशी व्हायची? तेव्हा कावळा जी सुभाषितं ऐकवतो त्यांतलं हे एक. म्हणजे बोलणारा स्वतःच बाहेरून भीतीदायक आहे, आणि आतून कसा आहे ते समोरच्याला पटवू बघतो आहे. हे डोक्यात ठेवून वाचलं की ‘नारिकेल’ हाच दृष्टांत का घेतला ते कळतं.

३. ‘समाकारा’ आणि ‘बदरिकाकारा’ आकारान्त आहेत. मग ते स्त्रीलिंगी एकवचन ना, माला, शाला यांसारखं?

नाही. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि चूक अगदी समजण्यासारखी आहे. मूळ रूपं ‘समाकाराः’ आणि ‘बदरिकाकाराः’ अशी, पुल्लिंगी अनेकवचनाची. ‘आ’नंतरचा विसर्ग पुढे मृदू व्यंजन आलं की लोपतो. पहिल्या ओळीत पुढे ‘दृश्यन्ते’चा द् आहे, दुसरीत ‘बहिः’चा ब्. दोन्ही मृदू, म्हणून दोन्हीकडे विसर्ग गेला. ओळींच्या शेवटी मात्र पुढे काही नाही, म्हणून ‘सुहृज्जनाः’ आणि ‘मनोहराः’ यांचा विसर्ग तसाच राहिला.

शंका वाटली तर क्रियापद बघा. ‘दृश्यन्ते’ अनेकवचनी आहे, म्हणजे दिसणारे पुष्कळ आहेत.

४. ‘नारिकेलसमाकाराः’ कसा सोडवायचा? तत्पुरुष की बहुव्रीहि?

दोन्ही, पण एकाच्या आत एक. बाहेरून आत गेलात तर गोंधळ होतो, आतून बाहेर या.

सगळ्यात आत ‘नारिकेलेन समः’, नारळाशी समान. हा तृतीया तत्पुरुष, झाला ‘नारिकेलसमः’. त्याला ‘आकारः’ जोडला. सम + आकार यात अ आणि आ मिळून एक आ झाला. इथपर्यंतचा अर्थ ‘नारळासारखा आकार’ एवढाच. मग शेवटचं पाऊल : ‘नारिकेलसमः आकारः येषां ते’, नारळासारखा आकार ज्यांचा आहे ते. हा बहुव्रीहि. परीक्षेत शेवटच्या पावलाचं नाव लिहायचं.

हे शेवटचं पाऊल का हवंच? कारण नुसता ‘नारळासारखा आकार’ ही आकाराची गोष्ट झाली, आणि श्लोक माणसांबद्दल बोलतो आहे. बहुव्रीहि समासातला कोणताच शब्द ज्याच्याबद्दल बोलायचं त्याचं नाव घेत नाही. गणपतीच्या आरतीत आपण ‘लंबोदर’ म्हणतो तेव्हा पोटाला हाक मारत नाही, पोट ज्याचं मोठं त्याला मारतो. तसंच इथे.

ओळखायची खात्रीची खूण लिंगात आहे. ‘आकार’ शब्द नेहमी पुल्लिंगी. पण सखीबद्दल बोलायचं तर ‘नारिकेलसमाकारा सखी’ होईल, मित्राबद्दल ‘नारिकेलसमाकारं मित्रम्’. शब्दाने दुसऱ्याचं लिंग घेतलं की समजावं, हा बहुव्रीहि आहे.

५. ‘बदरिकाकार’ पण तसाच सुटतो का? त्यात ‘सम’ तर नाही.

म्हणूनच तो वेगळा सुटतो. ‘बदरिकायाः आकारः इव आकारः येषां ते’, बोराच्या आकारासारखा आकार ज्यांचा आहे ते. विग्रहात ‘आकार’ दोनदा आणि ‘इव’ एकदा आलं, समासात मात्र एकच ‘आकार’ उरला आणि ‘सारखं’ सांगणारा शब्द गळाला. नारळाच्या समासात साम्य ‘सम’ या शब्दाने उघड सांगितलं आहे, बोराच्या समासात ते आपण भरायचं. दोन समास कानाला जुळे वाटतात, पण विग्रह एकाच साच्यात लिहिलात तर गुण जातात आणि समजही चुकते.

पद तोडताना आणखी एक काळजी. एका मुलाने माझ्यासमोर ‘बदरि – काकार’ असं तोडून म्हटलं आणि त्यात कावळा शोधला. बोलणारा कावळाच असल्यामुळे त्याला ते खरंही वाटलं होतं. पण तोडायचं ते ‘बदरिका + आकार’ असं. ‘बदरिका’ म्हणजे बोर. बद्रीनाथाच्या ‘बदरिकाश्रम’ या नावातही तीच आहे, आणि आपलं ‘बोर’ हे ‘बदर’चंच झिजलेलं रूप.

६. ‘आकार’ म्हणजे फक्त बाहेरचा घाट का?

संस्कृतात तेवढाच नाही. ‘आकार’ म्हणजे घाट, रूप, आणि त्याबरोबर चेहऱ्यावर उमटणारा भावही. रघुवंशात दिलीप राजाला ‘गूढाकारेङ्गित’ म्हटलं आहे. त्याचे चेहऱ्यावरचे भाव आणि हावभाव बाहेर कळत नसत, असा अर्थ. तिथे आकाराचा अर्थ घाट धरला तर काहीच लागत नाही.

हा दुसरा अर्थ आपल्या श्लोकात ठेवून पाहा. ‘नारळासारखा आकार ज्यांचा’ म्हणजे अंगाने गोल नव्हे, तर ज्यांच्या चेहऱ्यावरून आतलं कळत नाही असे. आता ‘दृश्यन्ते’लाही वजन येतं. कवी ‘मित्र नारळासारखे असतात’ म्हणत नाही, ‘दिसतात’ म्हणतो. आकार हा दिसण्याचा विषय, म्हणून क्रियापदही दिसण्याचं. माझ्या मते हे दोन शब्द एकमेकांसाठीच आले आहेत.

७. ‘सुहृद्’ म्हणजे मित्र हे पाठ आहे. पण त्यात खरंच ‘हृदय’ आहे का?

आहे, आणि हा श्लोकातला सगळ्यात खोल शब्द आहे. ‘शोभनं हृदयं यस्य सः’, चांगलं हृदय ज्याचं तो. हाही बहुव्रीहि. पण सु + हृदय मिळून ‘सुहृदय’ व्हायला हवं होतं, ते ‘सुहृद्’ कसं झालं? यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रच केलं आहे : ‘सुहृद्दुर्हृदौ मित्रामित्रयोः’. मित्र असा अर्थ असेल तर ‘सुहृद्’ आणि शत्रू असा असेल तर ‘दुर्हृद्’, म्हणजे हृदयाच्या जागी आखूड ‘हृद्’ येतं.

मग तो अर्थ नसेल तर? तर ‘सुहृदय’ पूर्णच राहतं आणि त्याचा अर्थ होतो दयाळू माणूस. फरक बघा. दयाळू माणूस कोणाशीही चांगला वागेल, तो तुमचा मित्र असेलच असं नाही. ‘सुहृद्’ म्हटलं की नातं आलं. शब्द शेवटी तुटल्यासारखा दिसतो, पण त्या तुटण्यातच ‘तुमचा’ हा अर्थ भरलेला आहे.

आणि आता प्रश्न १ मधलं वाक्य आठवा : श्लोकात ‘आत’ हा शब्द नाही. खरं तर आतलं सांगितलेलं आहेच, ते या ‘हृद्’मध्ये. नारळाचं खोबरं श्लोकात कुठे आहे असं कोणी विचारलं तर मी ‘सुहृज्जनाः’वर बोट ठेवतो.

८. ‘सुहृद्जनाः’ लिहिलं तर चालेल ना? जोड ‘ज्ज’ म्हणायला जड जातं.

चालणार नाही, आणि कारणं दोन आहेत. पहिलं संधीचं : द् नंतर ज् आला की द् चाही ज् होतो. ‘सत् + जन’चं ‘सज्जन’ आपण रोज म्हणतो, तिथे कोणाला जड जात नाही. समास मात्र सोपा आहे : सुहृदः च ते जनाः च, कर्मधारय.

दुसरं कारण चालीचं. श्लोक अनुष्टुभ आहे. प्रत्येक चरणात आठ अक्षरं, पाचवं लघु आणि सहावं गुरू. दुसरा चरण मोजा : दृ, श्य, न्ते, हि, सु, हृ, ज्ज, नाः. सहावं अक्षर ‘हृ’. त्यातला ऋ ऱ्हस्व आहे, पण पुढे ‘ज्ज’ हे जोडाक्षर असल्यामुळे तो गुरू ठरतो. स्पर्धेत पोरं घाईत ‘सुहृजनाः’ म्हणून जातात. तेव्हा सहावं अक्षर हलकं पडतं आणि चरण लंगडतो. परीक्षकाला पुस्तक न बघता ते कळतं. ‘हृज्’वर क्षणभर टेकून मग ‘जनाः’ म्हणायचं.

९. आमच्या पुस्तकात ‘दृश्यन्तेऽपि हि सज्जनाः’ छापलं आहे. कुठलं बरोबर?

दोन्ही पाठ छापलेले मिळतात आणि दोन्ही छंदात बसतात. स्पर्धेत तुमच्या पुस्तकातला म्हणा. अर्थाच्या दृष्टीने मला ‘सुहृज्जनाः’ जास्त आवडतो, कारण ‘सज्जन’ घेतला की प्रश्न ७ मधलं ‘हृद्’ श्लोकातून निघून जातं. मैत्रीच्या गोष्टीतल्या श्लोकात मित्रवाचक शब्द असणं हेही जुळून येतं.

१०. मनोहर हे तर चांगल्या अर्थाचं नाव आहे. इथे दोष कसा झाला?

‘मनोहर’मध्ये दोष नाहीच. ‘मनः हरति इति’, मन ओढून नेतो तो. हा उपपद तत्पुरुष. ‘मनः’मधल्या विसर्गाचा पुढच्या ह् मुळे ओ झाला. दोष लागतो तो ‘एव’मुळे. ‘एव’ म्हणजे आपला ‘च’, आणि मराठीत हा ‘च’ जागा बदलला की अर्थ बदलतो हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. ‘बाहेरून मनोहरच’ म्हटलं तर कौतुक, ‘बाहेरूनच मनोहर’ म्हटलं तर तक्रार. संस्कृतात ‘एव’ ‘बहिः’ला चिकटून आला आहे (बहिः + एव = बहिरेव), म्हणून तक्रार.

आता पहिल्या ओळीशेजारी दुसरी ठेवा. ‘सुहृद्’मध्ये हृदय कोणाचं? मित्राचं स्वतःचं. ‘मनोहर’मध्ये मन कोणाचं? बघणाऱ्याचं, तुमचं. पहिल्या ओळीतल्या माणसाजवळ काही आहे, दुसऱ्या ओळीतला तुमच्याजवळचं घेऊन जातो. दोन समास सोडवल्याशिवाय ही जोडी दिसत नाही, आणि एकदा दिसली की श्लोक पुन्हा पूर्वीसारखा वाचता येत नाही.

११. मग ‘सुहृद्’मधलं ‘हृ’ आणि ‘मनोहर’मधलं ‘हृ’ एकच ना?

नाही. ‘मनोहर’मध्ये हृ हा नेण्याचा धातू आहे, हरण, हरति यांतला. ‘हृद्’ हा हृदयाचा वेगळा शब्द आहे. ध्वनी जुळतो तेवढाच. ‘मन हरणारा तोच सुहृद’ असं भाषणात कोणी जुळवून सांगितलं तर ते व्युत्पत्ती म्हणून लिहून घेऊ नका.

१२. आम्ही माडांत राहतो. शहाळं बाहेरून हिरवं, गुळगुळीत आणि देखणं असतं. मग नारळ ‘बाहेरून ओबडधोबड’ कसा?

हा प्रश्न किनाऱ्यावरूनच येऊ शकतो. श्लोकातला नारळ तयार नारळ धरायचा. शेजारचे काका अंगणात लोखंडी सुळा रोवून नारळ सोलतात तेव्हा जवळ उभं राहून बघा. आधी नारळ सुळ्यावर आपटून पिळतात, सोडण करकरत सुटतं. ते गेलं की काथ्याच्या तारांनी माखलेली करवंटी, एका टोकाला शेंडी आणि तिच्याखाली तीन डोळे. ती फोडली की खोबरं, आणि खोबऱ्याच्या आत पाणी. म्हणजे आत पोचायला दोन अडथळे ओलांडावे लागतात आणि दोन्ही कठीण.

आता बोर. साल पातळ, तिच्याखाली लगेच गोड गर, आणि मग दाताला लागते ती आठळी.

वनस्पतिशास्त्रात ही दोन्ही फळं एकाच घडणीची मानतात : वर साल, मध्ये एक थर, आत टणक कवच आणि त्यात बी. नारळाची करवंटी म्हणजे बोराची आठळीच. बोरात आपण मधला थर खातो आणि कवच थुंकतो. नारळात मधला थर, म्हणजे काथ्या, काढून टाकतो आणि कवचाच्या आतलं खातो. घडण सारखी आणि गोडी ठेवायची जागा वेगळी. हितोपदेशकाराच्या मनात हे शास्त्र नव्हतं, पण दोन्ही फळांना ‘आकार’ हाच शब्द लावून त्याने निवडलेली जोडी इतकी नेमकी बसते याचं मला अजूनही नवल वाटतं.

१३. ‘नारिकेल’च्या जागी ‘श्रीफल’ म्हटलं तर अर्थ तोच राहील का?

मराठीत राहील, संस्कृतात नाही. आपण देवाला ठेवतो ते श्रीफळ म्हणजे नारळ, पण अमरकोशात ‘श्रीफल’ हे बेलाचं नाव दिलं आहे. नारळासाठी नारिकेल, नालिकेर अशी रूपं सापडतात, ती चालतील.

१४. ‘अन्ये’ म्हणजे दुर्जन असं लिहावं का?

लिहू नका. ‘अन्ये’ म्हणजे दुसरे, इतर, एवढंच. कवीने दुर्जन, शत्रू, ‘दुर्हृद्’ यांतला कुठलाही शब्द वापरला नाही. ‘दुर्हृद्’ हा ‘सुहृद्’चा सरळ जोडीदार हाताशी होता (प्रश्न ७), तरी नाही. जे सुहृद् नाहीत ते सगळे वाईट असं तो म्हणत नाही, त्यांचं छानपण बाहेरच संपतं एवढंच म्हणतो. ‘अन्य’ सर्वनाम आहे म्हणून रूप ‘अन्ये’ होतं, ‘अन्याः’ नाही. तेही तपासून घ्या.

१५. म्हणजे जो कडक बोलतो, रागावतो, तो आतून चांगलाच असतो, असं श्लोक सांगतो का?

हा प्रश्न मला एका आईने विचारला होता. घरातल्या एका मोठ्या माणसाच्या तोंडाळपणाला ‘फणसासारखा आहे, नारळासारखा आहे’ म्हणून सगळे पांघरूण घालत होते आणि आधाराला हा श्लोक म्हणत होते. म्हणून याचं उत्तर मी अन्वयावरून देतो.

वाक्यात ज्याच्याबद्दल बोलायचं ते उद्देश्य, आणि त्याच्याबद्दल जे सांगायचं ते विधेय. इथे ‘सुहृज्जनाः’ उद्देश्य आहे, ‘नारिकेलसमाकाराः’ विधेय आहे. म्हणजे वाक्य असं : जे मित्र आहेत, ते नारळासारखे दिसतात. कवी ‘जे नारळासारखे दिसतात ते मित्र’ असं म्हणालेला नाही. उलटवलं की ते दुसरंच वाक्य होतं. ‘माडाला झावळ्या असतात’ यावरून झावळ्या असलेलं प्रत्येक झाड माड ठरत नाही, सुपारीलाही झावळ्या असतात.

शिवाय सुहृद् कोणाला म्हणायचं हे नारळावरून ठरतच नाही, ते ‘शोभनं हृदयं यस्य’ या विग्रहावरून ठरतं. आधी चांगलं हृदय, मग नारळाची उपमा. बाजारात नारळ घेताना आपणही नुसती करवंटी बघून घेत नाही. कानाशी धरून हलवतो, पाण्याचा आवाज ऐकतो, डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी नाही ना ते बोटाने चाचपतो. आतून नासलेल्या नारळाचं सोडणही चांगल्या नारळाइतकंच राठ असतं.